महोत्सवांना लघुपट पाठवताना: आधी कुठे, मग कुठे

ताई, नमस्कार. मी चिपळूणजवळच्या गावात राहतो. वस्तीच्या एसटीवर १७ मिनिटं ४० सेकंदांचा लघुपट केलाय, ऑगस्टमध्ये पूर्ण झाला. सव्वादोन लाख खर्च झाले. महोत्सवांसाठी ३० हजार बाजूला ठेवले होते, त्यातले ४,२०० तीन ऑनलाइन महोत्सवांत गेले. तिन्हीकडे बक्षीस मिळालं, पण एक जण आता ट्रॉफीचे १२० डॉलर मागतोय. पुढच्या महिन्यात तालुक्याला लघुपट स्पर्धा आहे, पहिलं बक्षीस ११ हजार, ऑनलाइन मतदान आहे. चार लाख सबस्क्रायबर असलेलं एक यूट्यूब चॅनल ऑक्टोबरमध्ये टाकू म्हणतंय. टीममधली पोरं म्हणतात, टाकून मोकळं होऊ. नक्की कुठे पाठवू? लिंक सोबत जोडली आहे.

*

लघुपट दोनदा बघितला. कंडक्टर शाळेच्या बाकावर चिल्लरीच्या चवडी लावतो आणि तो पोरगा दाराआडून मोजतो, तो प्रसंग दुसऱ्यांदा बघताना जास्त आवडला. त्यामुळे तुझ्याच लघुपटाला धरून सांगते.

यूट्यूबवाल्यांना आजच कळव की पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत थांबा. नाही म्हणायचं नाही, फक्त थांबवायचं. चॅनलला चांगला लघुपट वर्षभरानेही हवाच असतो. महोत्सवांचं तसं नाही. लघुपट एकदा सगळ्यांसाठी इंटरनेटवर आला की काही दारं बंद होतात, आणि नंतर काढून टाकला तरी उघडत नाहीत. ऑस्करच्या लघुपट विभागाचंच बघ. तिथे पात्र ठरण्याआधी लघुपट यूट्यूबवर किंवा टीव्हीवर आला असेल तर तो बाद. तू ऑस्करला निघाला नाहीस हे मला ठाऊक आहे, पण पुढे ज्या एकदोन महोत्सवांचं मी बोलणार आहे त्यांचाही नियम याच वळणाचा आहे.

हे माझ्या कातडीवर शिकलेले आहे. माझा दुसरा लघुपट मी एका जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेला दिला होता. अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं, 'आयोजकांना प्रवेशिका प्रसिद्ध करण्याचा अधिकार राहील.' मला वाटलं, पेपरात फोटो छापतील. त्यांनी मतदानासाठी अख्खा लघुपट आपल्या चॅनलवर टाकला. तीन आठवड्यांनी युरोपातल्या एका महोत्सवाचं पत्र आलं की लघुपट विचाराधीन आहे, आधी कुठे दाखवला आहे का ते कळवा. मी खरं ते कळवलं. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं आणि विषय संपला. स्पर्धेत मला उत्तेजनार्थ मिळालं, सन्मानचिन्ह अजून माळ्यावर आहे.

तेव्हा तालुक्याच्या स्पर्धेचा अर्ज आधी नीट वाच. लघुपट नाट्यगृहात पडद्यावर दाखवणार असतील तर खुशाल दे, ते का चालतं हे पुढे कळेल. मतदानासाठी चॅनलवर टाकणार असतील तर आयोजकांना फोन करून विचार की मतदानाला दीड मिनिटाचा ट्रेलर चालेल का. नाही म्हणाले तर ११ हजारांवर पाणी सोड.

आता प्रीमियर. हा शब्द ऐकून पोरं उगाच बिचकतात. महोत्सवाच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की लोकांसमोरचा पहिला जाहीर खेळ, आणि 'पहिला' म्हणजे कुठे पहिला, याच्या पायऱ्या आहेत. जगात कुठेही दाखवलेला नाही तो वर्ल्ड प्रीमियर. आपल्या देशात दाखवला पण बाहेर नाही, तर बाहेरचा पहिला खेळ इंटरनॅशनल प्रीमियर. त्याखाली खंडाचा, देशाचा, शहराचा. गावातल्या लोकांना आणि कलाकारांना बोलावून, तिकीट न लावता, जाहिरात न करता दाखवलंस तर तो खासगी खेळ, सहसा मोजला जात नाही. पासवर्डवाली लिंक परीक्षकांना पाठवणं हाही खेळ नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्ज भरल्याने प्रीमियर जात नाही, निवड झाल्यानेही जात नाही, प्रत्यक्ष दाखवल्यावर जातो. त्यामुळे एकाच वेळी पाच ठिकाणी अर्ज करण्यात गैर काही नाही. अडचण आलीच तर ती दोन ठिकाणी निवड झाल्यावर येते.

आणि लघुपटांच्या बाबतीत बहुतेक महोत्सव प्रीमियर मागतही नाहीत. अमेरिकेतला सनडान्स महोत्सव लघुपटांना ही अट घालत नाही. फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ, लघुपटांची जत्राच म्हण, तेही घालत नाही. मागणारे मोजके. व्हेनिसला वर्ल्ड प्रीमियर लागतो आणि लांबी २० मिनिटांच्या आत. बर्लिनला निदान इंटरनॅशनल प्रीमियर लागतो, म्हणजे भारतात दाखवलेला चालतो पण बाहेर नको. म्हणून तालुक्याच्या पडद्यावरच्या खेळाला माझी हरकत नाही, हरकत चॅनलला आहे. काही अटी देशापुरत्या असतात आणि तिथेच माणूस फसतो. ओबरहाउझेनच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला लघुपट जर्मनीत आधी दाखवलेला चालत नाही. स्टुटगार्टला भारतीय चित्रपटांचा चांगला महोत्सव भरतो, आपली मंडळी आनंदाने तिथे पाठवतात, आणि मग ओबरहाउझेनचा रस्ता आपसूक बंद होतो. दोन्ही ठिकाणं चांगली आहेत, फक्त कुठलं आधी हे ठरवून करायला हवं.

फ्रान्समधल्या कान महोत्सवाबद्दल सगळे विचारतात, तूही विचारशील. तिथे शुल्क नाही, पण लघुपट स्पर्धेला नामावलीसकट १५ मिनिटांची मर्यादा आहे. तुझा १७:४० चा. दोन मिनिटं चाळीस सेकंद कापायचे का? मी घड्याळ लावून बघितलं. सुरुवातीला तीन लोगो आणि आभार मिळून ५० सेकंद जातात, शेवटची नामावली १ मिनिट ४० सेकंद चालते. लोगो काढून एकच ठेव, आभार शेवटी ने, नामावली ४५ सेकंदांवर आण. साडेसोळा मिनिटांच्या आत येशील, गोष्टीला धक्का न लावता. एवढं कर, कारण ते कानसाठी नाही, अर्ज बघणाऱ्या माणसासाठी आहे. मी दोन वर्षं एका महोत्सवासाठी आलेले लघुपट चाळायचं काम केलंय. रात्री जेवणं आटोपल्यावर बसायचं, सात-आठ लघुपट बघायचे. पहिलं मिनिट ग्रामपंचायतीच्या आभारात गेलं की हात आपोआप चहाच्या कपाकडे जातो. शिवाय महोत्सवात पाच-सहा लघुपट जोडून दीड तासाचा एक खेळ बांधतात, तिथे सोळा मिनिटांचा सतरा-अठरापेक्षा सहज बसतो. पण उरलेलं दीड मिनिट कानसाठी गोष्टीतून कापू नकोस. चिल्लरीचा प्रसंग आधी जाईल आणि तोच तर लघुपट आहे.

मग तुझा लघुपट कुठे शोभतो? सरळ सांगते, बर्लिनच्या मुख्य लघुपट विभागात मला तो दिसत नाही. तिथे मांडणीचे प्रयोग जास्त असतात, तुझी सरळ गोष्ट आहे. पण तू एक गोष्ट हिशेबात घेतलेली नाहीस. तुझ्या लघुपटाचा नायक कंडक्टर नाही, दहा वर्षांचा पोरगा आहे. गाडी रात्री येते आणि पहाटे जाते, एवढंच जग त्याला बाहेरून दिसतं. म्हणजे हा मुलांबरोबर बघायचा लघुपट आहे. बर्लिनमध्ये जनरेशन नावाचा विभाग आहे, त्यातला केप्लस हा लहान मुलांसाठीचा भाग. तिथे लघुपटही घेतात, आणि एक बक्षीस मुलांचीच ज्युरी देते. अर्ज करताना विभाग निवडायचा असतो, तो हाच निवड. मुलांच्या महोत्सवांचं वेगळं जगही आहे, झेक प्रजासत्ताकातलं झ्लिन १९६१ पासून चालू आहे, शिकागोचा मुलांचा महोत्सवही जुना आणि नावाजलेला आहे. तुझ्यासारखे बरेच जण तिकडे फिरकत नाहीत, कारण 'बालचित्रपट' म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात.

केप्लसच्या खेळात एक गंमत असते. छोट्या मुलांना सबटायटल वाचता येत नाहीत, म्हणून सभागृहात एक माणूस संवाद जर्मनमध्ये बोलून दाखवतो. आता तुझी सबटायटलं बघ. कंडक्टर पोराला म्हणतो, "डबल बेल दे." खाली आलंय, 'गिव्ह डबल बेल.' हे जर्मन मुलाला काय, महाराष्ट्राबाहेरच्या इंग्रजी वाचणाऱ्यालाही कळणार नाही. आणि तुझा सगळा शेवट त्या दोन घंट्यांवर उभा आहे, कारण पोरगा रिकाम्या गाडीत दोरी दोनदा ओढतो. एक टोला म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे बघणाऱ्याला तिसऱ्या मिनिटाला कळलं नाही तर सोळाव्या मिनिटाला त्याच्या हाती काहीच लागत नाही. कंडक्टर शिकवतो तिथेच 'वन बेल, स्टॉप. टू बेल्स, गो.' इतकं साधं कर. तसंच 'वस्तीची गाडी'चं 'व्हिलेज बस' झालंय, त्यात रात्री मुक्काम करून पहाटे परत जाणं हा अर्थच गेला. संगमेश्वरी बोलीतले विनोद मात्र शब्दाला शब्द लावून वाचवू नकोस, सहापैकी दोन पोचले तरी खूप. हे काम इंग्रजी चांगलं असलेल्या, पण लघुपट न बघितलेल्या माणसाकडून तपासून घे. तुला माहीत असलेलं तुला सबटायटलमध्ये दिसत राहतं, म्हणून तुझा डोळा यात चालत नाही.

आता पैसे. आधी ते ऑनलाइन महोत्सव. १२० डॉलर देऊ नकोस. महोत्सवांना अर्ज करायच्या फिल्मफ्रीवे या साइटवर असे शेकड्यांनी आहेत. दर महिन्याला स्पर्धा, साठसत्तर विभाग, नावात एखाद्या मोठ्या शहराचं नाव, आणि जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी बक्षीस. तिथले अभिप्राय बघून फसू नकोस, बक्षीस मिळालेलाच पाच तारे देतो. मी एकच परीक्षा लावते. गेल्या वर्षी कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या सभागृहात, कुठला लघुपट दाखवला याचं वेळापत्रक सापडतं का? सापडलं तर त्यातल्या दोन दिग्दर्शकांना इन्स्टाग्रामवर विचारते, हॉलमध्ये किती माणसं होती. उत्तर बहुतेक जण देतात. वेळापत्रकच नसेल तर तिथे महोत्सव नाही, फक्त पेमेंटचं बटण आहे. आणि त्या तीन महोत्सवांची पानांच्या माळेची चिन्हं पोस्टरवरून काढून टाक. तुला वाटतं त्याने वजन येतं, पण निवड करणारी माणसं ही नावं ओळखतात आणि पोस्टर बघूनच एक पायरी खाली उतरवतात. कोरं पोस्टर बरं.

तुझ्याकडे उरले २५,८००. बर्लिनसाठी ७,५०० राखून ठेव. हा तुझा एकमेव महागडा डाव. अर्ज साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असतात, निकाल जानेवारीपर्यंत कळतो, म्हणजे प्रीमियर फार काळ अडकून पडत नाही. त्याआधीच क्लेरमाँ-फेराँला पाठव. तिथले लोक सरळ गोष्टीवर प्रेम करतात, आणि महोत्सवाला लागून लघुपटांचा बाजार भरतो, टीव्ही आणि वितरणवाले तिथेच येतात. एक पेच सांगून ठेवते. क्लेरमाँ-फेराँ बर्लिनच्या थोडं आधी होतं. तिथे दाखवलास तर बर्लिनचा इंटरनॅशनल प्रीमियर जातो. दोन्हीकडून बोलावणं आलं तर दोन्हीकडे खरं सांगून विचारायचं, आणि ती वेळ आली तर मला फोन कर, पेढे घेऊन.

बर्लिनचं उत्तर 'नाही' आलं, आणि बहुधा तेच येईल, की त्याच आठवड्यात प्रीमियरचा विचार डोक्यातून काढून टाक. इथे पोरं चुकतात. बर्लिन नाही तर लोकार्नो, लोकार्नो नाही तर व्हेनिस, असं करत लघुपट वर्षभर पेटीत राहतो. बऱ्याच महोत्सवांना गेल्या वर्ष-दीड वर्षात पूर्ण झालेलाच लघुपट लागतो, त्यामुळे वाट बघताना साधी दारंही मिटतात. शक्यता किती बारीक आहे बघ. सनडान्सला २०२५ च्या महोत्सवासाठी ११,१५३ लघुपट आले आणि ५७ घेतले, दर दोनशेमागे जेमतेम एक. अशा दारावर एकदा थाप मारावी, मुक्काम करू नये.

फेब्रुवारीपासून मग मोकळेपणाने पाठवायचं. ५,५०० मुलांच्या दोन महोत्सवांना. ८,००० परदेशातल्या भारतीय आणि दक्षिण आशियाई महोत्सवांपैकी तिघांना. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, लंडन, मेलबर्न असे बरेच आहेत, सगळीकडे नको. सिएटलच्या तस्वीर महोत्सवाचा मी आवर्जून विचार करीन, कारण दक्षिण आशियाई महोत्सवांत ऑस्करसाठी पात्र ठरवणारा तो आहे. अमेरिकेत सॅन होजेला नाफा या संस्थेचा मराठी चित्रपट महोत्सव होतो, तिथे डबल बेल समजावून सांगावी लागणार नाही. सभागृहातल्या निम्म्या माणसांनी वस्तीच्या गाडीने प्रवास केलेला असेल, ती शेवटाला रडतील. तुला तो खेळ हवा की अनोळखी मुलांचा, हे तूच ठरव. मला विचारशील तर आयुष्यात दोन्ही एकेकदा व्हावेत.

उरलेले ४,८०० देशात. बंगळुरूचा लघुपट महोत्सव, त्याचा विजेता ऑस्करला पात्र ठरतो. तिरुवनंतपुरमचा माहितीपट आणि लघुपट महोत्सव, तिथला प्रेक्षक मी पाहिलेला सगळ्यात जागा. विद्यार्थी, रिक्षावाले, निवृत्त शिक्षक रांगेत उभे असतात आणि खेळानंतर दिग्दर्शकाला खरोखर धारेवर धरतात. मुंबईचा मिफ हा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव दर दोन वर्षांनी असतो, म्हणून मधल्या काळातले लघुपटही घेतो. पूर्ण झाल्याची तारीख अर्जात बरोबर लिही, पुढे प्रत्येक ठिकाणी तीच लागते. राष्ट्रीय पुरस्काराचं मनात असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं आणि त्यावरच्या तारखेनेच वर्ष ठरतं, तो खर्च या तीस हजारांत धरू नकोस.

हे आकडे टिकवायचे तर दोन गोष्टी सांभाळ. शुल्क तारखेप्रमाणे चढतं. पहिल्या मुदतीत पंचवीस डॉलर असलेलं शेवटच्या मुदतीत पन्नाससाठपर्यंत जातं, आणि उशिरा आलेले लघुपट तोवर अर्ध्या भरलेल्या यादीशी झुंजतात. डॉलर नव्वदीच्या आसपास धरून तो फरक तीन हजारांच्या घरात जातो. वर कार्डावर बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत घेते, त्यावर जीएसटी. दुसरं, सवलत माग. पैसे भरण्याआधी महोत्सवाच्या ईमेलवर पाच ओळी लिही. लघुपट किती मिनिटांचा, कशावर, त्यांच्या गेल्या वर्षीच्या कुठल्या निवडीशी जवळचा वाटतो, स्वतःच्या पैशांनी केलाय, शुल्कात सूट मिळेल का. रडगाणं नको. दहापैकी दोघे-तिघे तरी कोड पाठवतात, मुलांचे महोत्सव जास्त. पैसे भरल्यावर मागितलंस तर कुणी परत देत नाही.

पोरांना तोवर थांबवायचं कसं, हा तुझा खरा त्रास असणार. ज्या शाळेत चित्रीकरण केलंस तिथे पडदा लावून गावाला दाखव, निमंत्रण घरोघरी जाऊन दे, फेसबुकवर टाकू नकोस. आगारातल्या चालक-वाहकांना बोलाव. मोबाइलवर कुणी अख्खा उतरवून घेणार नाही याकडे एक जण लक्ष ठेवील.

सबटायटल दुरुस्त करून आणि नामावली आखडती घेऊन नवी लिंक महिन्याच्या आत पाठव. जुन्या लिंकवर पासवर्डच नव्हता, ती आधी बंद कर.